अँजिओग्राफी नॉर्मल, तरीही छातीत दुखतंय

"सगळ्या रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत. ब्लॉकेज नाही." कॅथलॅबच्या दाराशी हे ऐकलं की बाहेर ताटकळलेल्या घरच्यांच्या जिवात जीव येतो. जिची अँजिओग्राफी झालेली असते तिलाही हायसं वाटतं. मग पुढच्याच आठवड्यात जिना चढताना तोच भार पुन्हा छातीवर येऊन बसतो. आता मात्र तो कुणाला सांगायचा हा प्रश्न असतो, कारण रिपोर्ट नॉर्मल आलेला आहे.

मी हृदयरोगतज्ज्ञ आहे. सुरुवातीच्या काही वर्षांत अशा रुग्णांच्या फाईलवर मीही "हृदयाशी संबंधित नसलेलं दुखणं" असं लिहून त्यांना पोटाच्या डॉक्टरांकडे पाठवलेलं आहे. काहींच्या बाबतीत ते बरोबर होतं. काहींच्या बाबतीत ते चूक होतं, आणि त्या बहुतेक बायका होत्या. हा लेख त्या चुकीबद्दल आहे. मोकळ्या रक्तवाहिन्या असूनही हृदयाला रक्त कमी कसं पडतं, ते मोजायचं कसं, आणि बायकांमध्ये ते इतकं का निसटतं, एवढंच मला इथे नीट सांगायचं आहे.

अँजिओग्राफीत दिसतं ते आणि न दिसणारं

अँजिओग्राफीत मनगटातून किंवा जांघेतून एक बारीक नळी हृदयापर्यंत नेतात, रक्तवाहिनीच्या तोंडाशी डाय सोडतात आणि एक्स-रेवर तो वाहताना बघतात. हृदयाच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या तीन मोठ्या धमन्या आणि त्यांच्या फांद्या स्पष्ट दिसतात. मोठ्या धमन्यांची जाडी सुरुवातीला साधारण 3 ते 4 मिलिमीटर असते. पुढे फांद्या बारीक होत जातात, आणि जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या खाली गेली की एक्स-रेवर त्या वेगळ्या दिसेनाशा होतात. त्यानंतर फार तर एक धूसर सावली स्नायूत पसरताना दिसते.

खरं काम मात्र तिथून पुढे सुरू होतं. या बारीक वाहिन्या हृदयाच्या स्नायूत शिरतात, अजून फुटतात, केसाएवढ्या होतात आणि शेवटी केशवाहिन्यांना मिळतात. किती रक्त स्नायूपर्यंत पोचू द्यायचं हे ठरतं ते या बारीक वाहिन्यांमध्ये. मोठ्या धमन्या निरोगी असतील तर त्या रक्ताला जवळजवळ अडवतच नाहीत. कालवा भरून वाहतोय पण वाफ्यांची दारं उघडत नाहीत, तर पीक कोरडंच राहणार. अँजिओग्राफी कालव्याचा फोटो काढते.

हृदयाच्या स्नायूची एक अडचण इथे समजून घ्यायला हवी. हाता-पायाचे स्नायू दमले की रक्तातून जास्त प्राणवायू ओढून घेऊ शकतात, कारण एरवी ते त्यातला थोडाच वापरतात. हृदय शांत बसलेलं असतानाही रक्तातला सुमारे 70 टक्के प्राणवायू काढून घेतं. म्हणजे जिना चढताना गरज वाढली, तर आणखी ओढून घ्यायला फारसं काही शिल्लकच नसतं. एकच मार्ग उरतो, जास्त रक्त आणणं. निरोगी हृदय हा प्रवाह तिपटीहून जास्त वाढवू शकतं, आणि ते जमतं बारीक वाहिन्या सैल पडल्यामुळे.

या वाहिन्या दोन प्रकारे बिघडतात. एक म्हणजे त्या पुरेशा सैल पडत नाहीत. वर्षानुवर्षांचा रक्तदाब, मधुमेह यांसारख्या कारणांनी त्यांच्या भिंती जाड होतात, आतली जागा कमी होते, काही केशवाहिन्या नाहीशाच होतात. दुसरं म्हणजे त्या नको तेव्हा आवळतात. वाहिनीच्या आतल्या बाजूला पेशींचं एक पातळ अस्तर असतं. ते निरोगी असेल तर नायट्रिक ऑक्साइड सोडून भोवतीच्या स्नायूला "सैल हो" असं सांगतं. अस्तर बिघडलं की हा निरोप जात नाही आणि वाहिनी उलट आकसते. पहिल्या प्रकारात दुखणं जास्त करून श्रमाने येतं, दुसऱ्यात ते बसल्या जागी, पहाटे, थंडीत किंवा मनावर ताण आल्यावरही येऊ शकतं. एकाच रुग्णात दोन्ही असू शकतात, आणि खाली ज्या बाईंबद्दल सांगणार आहे त्यांच्यात तसंच होतं.

"खोटी पॉझिटिव्ह" हा शब्द कुठून आला

छातीतल्या या दुखण्याचं, म्हणजे अंजायनाचं, नेमकं वर्णन विल्यम हेबरडेन या इंग्रज डॉक्टरने 1768 मध्ये केलं आणि 1772 मध्ये ते छापून आलं. आपण असे जवळजवळ शंभर रुग्ण पाहिले, त्यात बायका तीनच होत्या, असं त्याने नोंदवून ठेवलं आहे. पुढे पिढ्यान् पिढ्या डॉक्टर जे "नमुनेदार" दुखणं शिकले, ते असं मुख्यतः पुरुषांच्या तोंडून ऐकलेलं होतं.

नंतर 1958 मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये मेसन सोन्स यांच्या एका तपासणीत नळीचं टोक चुकून उजव्या कोरोनरी धमनीत गेलं आणि डाय थेट तिच्यात शिरला. त्या अपघातातून आजची अँजिओग्राफी आली. धमन्या पहिल्यांदाच जिवंत माणसात इतक्या स्पष्ट दिसू लागल्या, आणि साहजिकच "दिसतं ते खरं" असा नियम झाला.

थोड्याच वर्षांत नियमात न बसणारे रुग्ण समोर आले. 1967 मध्ये लायकॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा बायकांचं वर्णन प्रसिद्ध केलं, ज्यांचं दुखणं आणि ईसीजी हृदयरोगाचेच होते पण अँजिओग्राफी स्वच्छ होती. 1973 मध्ये हार्वे केम्प यांनी एका संपादकीयात याला "सिंड्रोम एक्स" म्हटलं. एक्स म्हणजे अज्ञात, असा अर्थ पुढे लोकांनी लावला. मुळात एका अभ्यासात अशा रुग्णांच्या गटाला "गट एक्स" असं नाव होतं, तिथून ते अक्षर आलं.

इथे एक तर्काची चूक झाली, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान तिनेच केलं. ट्रेडमिलवर ईसीजी बिघडला आणि अँजिओग्राफी स्वच्छ आली, तर निष्कर्ष असा काढला जायचा की ट्रेडमिल चाचणी "खोटी पॉझिटिव्ह" आहे. बायकांमध्ये असं वारंवार होत असल्याने "बायकांमध्ये ट्रेडमिल चाचणी भरवशाची नाही" हे वाक्य पाठ होऊन गेलं. पण ट्रेडमिल चाचणी विचारते, स्नायूला रक्त कमी पडतंय का? अँजिओग्राफी विचारते, मोठ्या धमनीत अडथळा आहे का? दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं वेगळी आली म्हणून एक खोटं ठरत नाही. काही चाचण्या खरोखरच खोट्या पॉझिटिव्ह असतात, बायकांच्या ईसीजीत ते जरा जास्त घडतं, हे मान्य. पण त्या राशीत अनेक खऱ्याही होत्या, आणि त्या तपासायचं कुणी मनावर घेतलं नाही.

एक उदाहरण, पहिल्या तक्रारीपासून

हे उदाहरण मी अनेक रुग्णांवरून बेतलं आहे. आकडे अशा तपासणीत प्रत्यक्ष येतात तसे आहेत.

वय 52, पाळी बंद होऊन तीन वर्षं झालेली. रक्तदाबाची गोळी चालू. दुसऱ्या गरोदरपणात रक्तदाब फार वाढला होता, पण तो विषय नंतर कुणी काढलाच नव्हता. तक्रार अशी, की दोन मजले चढले किंवा घाईने चाललं की छातीच्या मध्यभागी दाबल्यासारखं होतं, जबड्याखाली ओढ लागते, दम लागतो. थांबलं की लगेच जात नाही, वीस-पंचवीस मिनिटं रेंगाळतं. कधी कधी पहाटे झोपेतून उठवतं. दुखणं एक दिवस येतं, चार दिवस येत नाही.

या वर्णनातल्या दोन गोष्टींनी डॉक्टर गोंधळतात. पुस्तकातला अंजायना थांबलं की पाच मिनिटांत ओसरतो, हा रेंगाळतो. पुस्तकातला अंजायना ठरावीक श्रमाला ठरावीक येतो, हा आज दोन मजल्यांना येतो आणि उद्या चार मजल्यांनाही येत नाही. मोठ्या धमनीतला अडथळा रोज तेवढाच असतो, म्हणून त्याचं दुखणंही ठरल्या ठिकाणी येतं. बारीक वाहिन्यांचा ताण मात्र दिवसागणिक बदलतो. म्हणजे ज्या गोष्टीमुळे तक्रार "पटत नाही", तीच खरं तर निदानाकडे बोट दाखवत असते.

ट्रेडमिल चाचणीत सातव्या मिनिटाला ईसीजीमध्ये एसटी भाग दीड मिलिमीटर खाली गेला, जी स्नायूला रक्त कमी पडत असल्याची खूण मानतात, आणि थांबल्यावरही बराच वेळ तसाच राहिला. अँजिओग्राफी झाली. तिन्ही धमन्या मोकळ्या. आम्लपित्ताची गोळी आणि "ताण घेऊ नका" असा सल्ला मिळाला. दोन वर्षं तशीच गेली. या काळात त्या दोनदा रात्री इमर्जन्सीमध्ये गेल्या, हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिन नॉर्मल आलं, दोन्हीदा परत पाठवलं. दुसऱ्या खेपेला कागदावर "चिंताविकार" असा शब्द आला. त्यांनी मला विचारलेला पहिला प्रश्न असा होता: "डॉक्टर, मी जिने चढायचे थांबवलेत म्हणून दुखणं कमी झालंय. याला बरं होणं म्हणायचं का?"

आधी बाकीची कारणं तपासली. हिमोग्लोबिन, थायरॉइड, हृदयाच्या झडपा, फुप्फुसं. सगळं ठीक. मग पुन्हा कॅथलॅब, पण या वेळी फक्त फोटोसाठी नाही, मोजमापासाठी. याला कोरोनरी फंक्शन टेस्ट म्हणतात. आदल्या दिवसापासून चहा-कॉफी बंद ठेवली, कारण या तपासणीत जे ॲडिनोसिन नावाचं औषध देतात त्याचा परिणाम कॅफीन अडवतं. वाहिन्या सैल करणारी औषधंही आधी थांबवली, नाहीतर आकडी, म्हणजे वाहिनीचं नको तेव्हा आवळणं, असूनही लपली असती.

डाव्या बाजूच्या पुढच्या मोठ्या धमनीत केसासारखी एक तार सरकवली. तिच्या टोकाजवळ दाब आणि तापमान मोजणारा सेन्सर असतो. मग नळीतून साध्या तापमानाचं 3 मिलिलिटर सलाइन झटक्यात सोडलं. ते रक्तापेक्षा थंड असल्याने सेन्सरपर्यंत कधी पोचलं ते कळतं. असं तीनदा करून सरासरी घेतली: 0.90 सेकंद. मग शिरेतून ॲडिनोसिन चालू केलं. त्याने बारीक वाहिन्या होतील तेवढ्या सैल पडतात. त्या दोन-तीन मिनिटांत छाती भरून येते, चेहरा गरम होतो, दम लागल्यासारखं वाटतं. हे आधी सांगून ठेवलं तर रुग्ण घाबरत नाही, आणि औषध बंद केल्यावर थोड्याच वेळात सगळं निवळतं. आता सलाइन पुन्हा तीनदा सोडलं: सरासरी 0.50 सेकंद.

प्रवाह जितका वेगवान तितका वेळ कमी. म्हणून 0.90 ला 0.50 ने भागलं की प्रवाह किती पट वाढला ते कळतं: 1.8 पट. याला सीएफआर, म्हणजे प्रवाहाची राखीव क्षमता, म्हणतात. ती 2 च्या खाली आली तर कमी धरतात, 2 ते 2.5 हा सीमेवरचा पट्टा. या बाईंचं हृदय गरज पडल्यावर दुप्पटही रक्त आणू शकत नव्हतं.

मग प्रश्न, अडथळा नेमका कुठे? त्याच वेळी धमनीच्या सुरुवातीचा दाब होता 84 आणि तारेच्या टोकाशी 78. 78 भागिले 84, म्हणजे 0.93. हा आकडा 0.80 किंवा त्याखाली असता तर मोठ्या धमनीत दोष असता. तो तसा नव्हता, म्हणजे अँजिओग्राफी खोटं बोलली नव्हती, मोठी धमनी खरंच मोकळी होती. आता टोकाशी असलेला 78 चा दाब आणि 0.50 सेकंद यांचा गुणाकार केला: 39. हा आयएमआर, बारीक वाहिन्यांच्या विरोधाचा आकडा. 25 किंवा त्याहून जास्त असेल तर विरोध वाढलेला आहे. अडथळा होता, तो पुढे होता, फोटोत न येणाऱ्या भागात.

शेवटचा टप्पा ॲसिटिलकोलीनचा. हे औषध निरोगी अस्तराला चाळवतं आणि वाहिनी सैल पडते. अस्तर बिघडलेलं असेल तर ते थेट भिंतीच्या स्नायूवर काम करतं आणि वाहिनी आवळते. मात्रा थोडी थोडी वाढवत नेली. 100 मायक्रोग्रॅमला त्या म्हणाल्या, "हेच! हेच ते, जबड्याखालचं." मॉनिटरवर एसटी भाग खाली गेला होता. लगेच डाय सोडून पाहिलं, मोठी धमनी किंचित बारीक झाली होती, बस्स. ती 90 टक्क्यांच्या आसपास आवळली असती तर मोठ्या धमनीची आकडी म्हटलं असतं. तसं न होता दुखणं आणि ईसीजीतला बदल दोन्ही आले, म्हणजे आकडी बारीक वाहिन्यांत होती. नायट्रोग्लिसरीन देऊन ती सोडवली. त्या टेबलावरच रडू लागल्या. दुखणं गेल्यावर. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांचं दुखणं दुसऱ्या कुणाला पडद्यावर दिसलं होतं.

या मोजमापाला मर्यादा आहेत, त्याही सांगायला हव्यात. सीएफआर हा भागाकार असल्याने तो विश्रांतीच्या प्रवाहावरही अवलंबून असतो. रुग्ण घाबरलेला असेल, नाडी जोरात चालत असेल, तर सुरुवातीचाच प्रवाह जास्त असतो आणि वाहिन्या चांगल्या असूनही पट कमी येते. बायकांमध्ये विश्रांतीचा प्रवाह मुळातच पुरुषांपेक्षा जास्त असतो. म्हणून सीएफआर एकटा वाचायचा नसतो, आयएमआर शेजारी ठेवून वाचायचा. दुसरं, तार सहसा एकाच धमनीत घालतात, त्यामुळे इतर भागातला दोष निसटू शकतो. ॲसिटिलकोलीनने क्वचित हृदयाची गती काही सेकंद मंदावते किंवा अनियमित होते, म्हणून ही तपासणी सवय असलेल्या टीमनेच करायची.

जिथे ही सोय नाही तिथे पेट स्कॅन किंवा औषध देऊन केलेला हृदयाचा एमआरआय प्रवाहाची पट मोजू शकतो. पण हे दोन्ही फक्त "सैल पडत नाही" हा दोष पकडतात. आकडी पकडायला सध्या ॲसिटिलकोलीनच लागतं. सीटी अँजिओग्राफी नेहमीच्या अँजिओग्राफीसारखीच मोठ्या धमन्या दाखवते, त्यामुळे ती नॉर्मल आल्याने या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.

बायकांमध्येच जास्त का निसटतं

हा आजार पुरुषांनाही होतो. पण छातीत दुखतं म्हणून अँजिओग्राफी झालेल्यांत मोकळ्या धमन्या बायकांमध्ये जास्त सापडतात. मुळात अशा धमन्या अपवाद नाहीतच. 2010 मध्ये अमेरिकेतल्या जवळजवळ चार लाख रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. हृदयरोग आधी माहीत नसलेले आणि ठरवून अँजिओग्राफी केलेले असे ते रुग्ण होते. मोठा अडथळा सापडला तो फक्त 38 टक्क्यांच्या आसपास लोकांत.

बायकांच्या बाजूने काही कारणं शरीराची आहेत. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन घटतं आणि अस्तराला मिळणारा त्याचा आधार जातो. गरोदरपणात रक्तदाब वाढलेला असणं, संधिवात किंवा ल्युपससारखे दाहाचे आजार, यांचाही रक्तवाहिन्यांवर परिणाम राहतो. आमच्या त्या बाईंना गरोदरपणाबद्दल विचारलं तेव्हा त्यांना आश्चर्य वाटलं, "त्याचा काय संबंध?" संबंध आहे, आणि विचारायचं काम डॉक्टरांचं आहे.

बाकीची कारणं ऐकण्याची आहेत. बायकांनाही बहुतेक वेळा छातीतच दुखतं, हे आधी स्पष्ट करते, कारण "बायकांना छातीत दुखत नाही" असा उलटा गैरसमजही पसरलेला आहे. फरक असा, की छातीबरोबर त्या दम, जबडा, पाठ, मळमळ, विलक्षण थकवा हेही सांगतात, आणि पुष्कळदा "दुखतं" असं न म्हणता "दाबल्यासारखं", "जड", "भरून आल्यासारखं" म्हणतात. इतक्या तक्रारी ऐकल्यावर डॉक्टर "अटिपिकल" असा शेरा मारतो. त्या शब्दाचा वापरातला अर्थ "हृदयाचं नसावं" असा होऊन बसतो. 2021 च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी हा शब्द वापरू नका असंच सांगितलं आहे. त्याऐवजी हृदयाचं, कदाचित हृदयाचं किंवा हृदयाचं नसलेलं, असं स्पष्ट लिहायचं.

आणि मग चिंता. छातीत दुखणाऱ्या आणि कुणी विश्वास न ठेवलेल्या माणसाला चिंता वाटणारच. मनाच्या ताणाने बारीक वाहिन्या आवळतात हेही खरं आहे. म्हणजे चिंता आणि हृदयाचा दोष एकत्र असू शकतात. फाईलवर पहिला शब्द आला की दुसऱ्याचा शोध थांबतो, इथे घात होतो.

"मोकळ्या" हा शब्दही जपून घ्यायला हवा. अमेरिकेत 1990 च्या दशकात बायकांच्या हृदयरोगावर वाईज नावाचा मोठा अभ्यास सुरू झाला. अँजिओग्राफीत लक्षणीय अडथळा नसलेल्या त्यातल्या शंभरेक जणींच्या धमनीत आतून सोनोग्राफी करून पाहिली, तेव्हा पाचपैकी जवळजवळ चौघींच्या भिंतीत चरबीचा थर सापडला. थर भिंतीत बाहेरच्या बाजूला वाढत होता म्हणून आतली वाट मोकळी दिसत होती. त्याच अभ्यासात पुढच्या वर्षांत या बायकांपैकी काहींना हृदयविकाराचा झटका आला, काहींचा मृत्यू झाला. धोका मोठे ब्लॉकेज असलेल्यांपेक्षा कमी होता, पण "काळजीचं काही कारण नाही" एवढा कमी नव्हता.

नाव मिळाल्यावर काय बदलतं

मोजमाप करून उपचार खरंच बदलतो का? स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या संशोधकांनी हा प्रश्न थेट विचारला. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉरमायका चाचणीत मोकळ्या धमन्या असलेले 151 रुग्ण होते, सुमारे तीन चतुर्थांश बायका. वर सांगितलेली मोजमापं सगळ्यांची केली. पण निम्म्यांच्याच बाबतीत निकाल डॉक्टरांना सांगितला, बाकीच्यांचा झाकून ठेवला. सहा महिन्यांनी, निकाल कळलेल्या गटाचं दुखणं आणि रोजचं जगणं दुसऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे सुधारलं होतं. नवीन औषध कुठलंच नव्हतं. जुनीच औषधं, पण कोणती कुणाला हे कळून दिलेली.

हे कळणं का महत्त्वाचं? ज्यांच्या वाहिन्या फक्त सैल पडत नाहीत त्यांना बीटा ब्लॉकर बरेचदा उपयोगी पडतात, कारण ते हृदयाची मागणी कमी करतात. ज्यांना आकडी येते त्यांच्यात तेच औषध काही वेळा आकडी वाढवतं, तिथे डिल्टियाझेम किंवा ॲम्लोडिपिनसारखी कॅल्शियम चॅनल ब्लॉकर औषधं लागतात. अंदाजाने गोळी दिली तर ती चुकीच्या गटाला जाऊ शकते, आणि मग "औषधानेही फरक नाही, म्हणजे मनाचंच" असा आणखी एक चुकीचा निष्कर्ष निघतो. जिभेखालची नायट्रेटची गोळीही अशीच फसवते. ती मोठ्या धमन्या छान उघडते, बारीक वाहिन्यांवर तिचा परिणाम अर्धवट असतो. तिने आराम पडला नाही म्हणून दुखणं हृदयाचं नाही, असं ठरवता येत नाही.

आमच्या बाईंना डिल्टियाझेम, रक्तदाबासाठी एसीई इन्हिबिटर आणि कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन चालू केलं. तपासणीआधी त्यांना कुणीतरी बीटा ब्लॉकर दिला होता, तो हळूहळू कमी करत थांबवला. मग चालणं, आधी सपाटीवर दहा मिनिटं, दर आठवड्याला थोडं वाढवत, कारण नियमित व्यायामाने अस्तर सुधारतं. चार महिन्यांनी त्यांच्या वहीतल्या नोंदी आठवड्याला आठ-नऊ वेळांवरून दोनवर आल्या होत्या. पहाटेचं दुखणं गेलं. जिन्यावरचं पूर्ण गेलं नाही, कडाक्याच्या थंडीत अजून येतं. या औषधांनी त्रास कमी होतो हे दाखवलं गेलं आहे. त्यांनी या आजारातला पुढचा झटका टळतो का, हे अजून सिद्ध झालेलं नाही. स्टॅटिन आणि रक्तदाबाचे उपचार आपण देतो ते चरबीचे थर आणि एकूण धोका लक्षात घेऊन.

तुमची किंवा घरातल्या कुणाची अँजिओग्राफी स्वच्छ आली असेल आणि दुखणं चालू असेल, तर डॉक्टरांना थेट विचारा: "मोठ्या धमन्या मोकळ्या आहेत हे कळलं. बारीक वाहिन्यांची तपासणी झाली आहे का? करायची गरज आहे का?" सोबत दोन आठवड्यांची वही न्या: दुखणं कधी आलं, काय करत होता, किती मिनिटं राहिलं, जिभेखालच्या गोळीने किती फरक पडला. गरोदरपणातला रक्तदाब, पाळी कधी थांबली, मायग्रेन किंवा थंडीत बोटं पांढरी पडणं हेही लिहा, कारण शेवटच्या दोन गोष्टी आकडीच्या रुग्णांत जास्त दिसतात. प्रत्येक दुखणं बारीक वाहिन्यांचं नसतं. आम्लपित्त, बरगड्यांच्या सांध्यांची सूज, धमनीचा एखादा तुकडा स्नायूखालून जाणं, हीसुद्धा कारणं असतात आणि तीही शोधावी लागतात.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवा. नेहमीपेक्षा वेगळं किंवा जास्त जोराचं दुखणं आलं, बसूनही पंधरा-वीस मिनिटांत ओसरलं नाही, किंवा घाम, चक्कर, श्वास अडकणं सोबत असेल, तर "आपली अँजिओग्राफी नॉर्मल आहे" म्हणून घरी थांबू नका. ॲम्ब्युलन्स बोलवा. मोकळ्या धमनीतही लांबलेली आकडी किंवा भिंतीची चीर झटका आणू शकते. इमर्जन्सीत पोचल्यावर जुना रिपोर्ट दाखवा आणि पहिल्याच वाक्यात सांगा की बारीक वाहिन्यांचा आजार माहीत आहे किंवा त्याची शंका आहे, आणि ईसीजी दुखणं चालू असतानाच काढायला सांगा.